सराव पेपरचे फोटो आहेत. निकालाआधी मार्कांचा अंदाज कितपत खरा धरावा? (दहावी, गणित भाग १)

मानेवाडा_ताई
नमस्कार. माझी लहान बहीण दहावीला आहे, स्टेट बोर्ड. परवा तिच्या क्लासमध्ये गणित भाग १ चा सराव पेपर झाला, बोर्डाच्याच नमुन्यावर, ४० मार्कांचा. सरांना विचारून तिनं पेपर जमा करण्याआधी सगळ्या पानांचे फोटो काढले. तपासून मिळायला दहा दिवस लागणार आहेत. ती म्हणते ३६ कुठेच गेले नाहीत. मागच्या पेपरलाही हेच म्हणाली होती, तेव्हा ३१ आले.

बोर्डाच्या पेपरला महिना उरलाय. खरंच ३५-३६ असतील तर बीजगणिताची नुसती उजळणी करून बाकीचे दिवस विज्ञानाला देता येतील. नसतील तर आतापासूनच बसवावं लागेल. मी स्वतः कॉमर्सची, मला स्टेपचे मार्क कळत नाहीत. नऊ फोटो खाली टाकलेत, नाव झाकलं आहे. अंदाज सांगाल का, आणि त्यावर किती विसंबू तेही सांगा.

संत्राबर्फी
उत्तरतालिका लागली की जुळवून बघा, सोपं आहे. माझ्या मुलाच्या नीटच्या वेळी आम्ही तसंच केलं. बरोबर उत्तराला ४ धरले, चुकलेल्याला १ वजा केला. निकालात तोच आकडा आला, एका मार्काचाही फरक नाही. एवढी काळजी काहून करता?

प्रतापनगर_शिकवणी
मी आठवी-नववीच्या शिकवण्या घेतो. फोटो पाहिले, ३५ धरा. उत्तर चुकलं तरी स्टेपचे मार्क मिळतात, हे घरचे लोक विसरतात. त्यामुळे आपण मोजलेल्या आकड्यात दोन-तीन वाढवूनच धरायचे असतात.

गुरुजी_महाल
ताई, मी तेवीस वर्षं दहावीला गणित शिकवलं, बोर्डाचे पेपरही तपासले. सगळे फोटो दोनदा पाहिले.

आधी संत्राबर्फींना सांगतो. नीटचा अंदाज जुळला कारण तिथे तपासणाऱ्याचा हात मध्ये येतच नाही. गोळा बरोबर किंवा चूक. इथे ४० पैकी पहिल्या प्रश्नाचे ८ मार्क तेवढे तसे आहेत. बाकीच्या ३२ मध्ये कुणीतरी पेन घेऊन अर्धा द्यायचा की एक, हे ठरवणार.

म्हणून एकच आकडा काढू नका, पेपरचे दोन भाग करा. ज्याबद्दल मला शंका नाही ते आधी: बहुपर्यायीचे ४ पैकी ३, त्याखालचे चारही उपप्रश्न बरोबर म्हणून ४, दुसऱ्या प्रश्नातल्या कृतींचे साडेतीन (एक चौकट चुकली), दोन मार्कांची तीन उदाहरणं पूर्ण म्हणून ६, तिसऱ्यातली कृती ३ आणि एक पूर्ण उदाहरण ३. हे झाले साडेबावीस. दीड मार्क तर नक्कीच गेला. उरले १६, ते पाच उदाहरणांत अडकले आहेत आणि सगळा अंदाज तिथेच आहे.

त्यातलं मध्यकाचं उदाहरण बघा, म्हणजे अडचण कळेल. एकूण वारंवारता १००, मध्यक वर्ग ४० ते ६०, इथपर्यंत ठीक. सूत्रात मध्यक वर्गाच्या आधीची संचित वारंवारता घ्यायची, ती ३५. हिनं त्याच वर्गाची ६५ घेतली:

```
40 + ((50 − 65) / 30) × 20 = 30
```

बरोबर उत्तर ५० येतं. ३० हे उत्तर ४० ते ६० च्या बाहेर पडतंय, म्हणजे चूक तिला स्वतःलाही परीक्षेतच पकडता आली असती. पण सारणी बरोबर, सूत्र बरोबर, वर्ग बरोबर. मी ३ पैकी २ देईन. माझ्या शेजारी बसणारे एक सर १ द्यायचे. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

तसंच बाकीच्यांचं. अंकगणिती श्रेढीचं उदाहरण शेवटच्या आकडेमोडीत चुकलं: १ ते दीड. वर्गसमीकरणाचं शाब्दिक उदाहरण: ३ ते ४. आलेख: ३ ते ४. पाचवा प्रश्न अर्धवट आहे: अर्धा ते दीड. सगळं कमीत कमी धरलं तर ३१, जास्तीत जास्त धरलं तर साडेपस्तीस. ३६ मला कुठूनही दिसत नाही.

आता दोन गोष्टी मला फोटोत सापडल्या नाहीत, त्या बघून सांगा. वर्गसमीकरणात x = 10 आणि x = −12 अशी दोन उत्तरं आली आहेत. संख्या नैसर्गिक हवी, म्हणून −12 पुढे ‘अमान्य’ लिहावं लागतं. ते दिसत नाही, पण फोटोची उजवी कडाच कापलेली आहे. आणि आलेख कागद कुठे आहे? उत्तरपत्रिकेत बिंदूंची सारणी आहे, आलेखाचा फोटोच नाही. तो कागद जोडायचा राहिला असेल तर वरच्या आकड्यातून तीनेक मार्क काढून टाका.

प्रतापनगर_शिकवणी
सर, मान्य. तरी स्टेपमुळे आकडा वर सरकतो, हे तर खरं ना?

गुरुजी_महाल
तिच्या ‘बरोबर-चूक’ मोजणीपेक्षा वर सरकतो, हे खरं. पण मी स्टेप धरूनच मोजलं आहे. त्यावर पुन्हा दोन-तीन वाढवले तर तेच मार्क दोनदा दिल्यासारखं होईल.

मानेवाडा_ताई
सर, मूळ फोटो उघडून बघितला. नाव झाकताना कडा मीच कापली होती. ‘अमान्य’ लिहिलं आहे, अगदी समासाला चिकटून. आलेख कागद तिनं दोऱ्यानं बांधला म्हणते, फोटो काढायचा राहिला. छेदनबिंदू (2, 2) आला हे तिला पक्कं आठवतं.

गुरुजी_महाल
समीकरणं x + y = 4 आणि 2x − y = 2 आहेत, म्हणजे (2, 2) बरोबर. पण प्रमाण लिहिलं का, रेषांना समीकरणं दिली का, हे तिच्या आठवणीवरून मी धरणार नाही. वर्गसमीकरणाचे आता साडेतीन ते ४, म्हणजे खालचा आकडा साडेएकतीस.

आणि तुमचा दुसरा प्रश्न, विसंबायचं किती. त्याचं उत्तर या पेपरात मिळणार नाही, आधी तपासून आलेल्या पेपरांत मिळेल. त्याच सरांनी तपासलेले जुने पेपर असतील तर लाल शाई झाकून फोटो टाका. मी मार्क न बघता अंदाज सांगतो, मग तुम्ही खरे मार्क सांगा.

धंतोलीची_आई
मध्येच विचारते, माफ करा. माझ्या मुलाला शाळेच्या पूर्वपरीक्षेत गणितात २८ मिळाले आणि त्याच महिन्यात क्लासमध्ये ३५. दोन्ही पेपर बोर्डाच्या नमुन्याचे. कोणता खरा मानू? घरी यावरून रोज वाद होऊन राहिला आहे.

गुरुजी_महाल
धंतोलीच्या ताई, दोन्ही पेपर समोर ठेवा आणि एकाच प्रकारची उदाहरणं जुळवा. त्याच चुकीला शाळेत एक मार्क कापला आणि क्लासमध्ये कापलाच नाही, असं दिसलं तर फरक तपासणाऱ्याचा. चुका वेगळ्या दिसल्या तर फरक पेपरचा. नुसत्या २८ आणि ३५ वरून मी सांगू शकत नाही.

मानेवाडा_ताई
दोन जुने पेपर झाकून टाकले होते. सरांनी एकाला ३२ सांगितले, दुसऱ्याला ३३. खरे होते ३१ आणि साडेतीस. मीही सरांची रीत वापरून बघितली. माझे ३३ आणि ३४ निघाले.

गुरुजी_महाल
म्हणजे दोन्ही वेळा आपण दोघंही वर. दोनच पेपर आहेत, त्यामुळे नेमकं किती कापायचं हे ठरत नाही, पण दिशा दिसते: तुमच्या क्लासच्या सरांचा हात माझ्यापेक्षा आखडता आहे. मी आता ३० ते ३४ म्हणतो, आणि खालच्या बाजूला जास्त झुकतो.

एक गोष्ट मी आधी बोललो नाही. पाच उदाहरणांतल्या शंका सुट्या असत्या तर काही वर जातील, काही खाली, आणि आकडा मधोमध राहील. पण पाचही एकाच माणसाच्या हातात आहेत. तो कडक असेल तर पाचही एकदमच खाली जातात. म्हणून मधला आकडा, साडेतेहेतीस, मी पकडून बसणार नाही.

मानेवाडा_ताई
निकाल आला. साडेतीस.

वर्गसमीकरणाला पूर्ण ४. आलेखाला ३, प्रमाण लिहायचं राहिलं होतं. मध्यकाला १, श्रेढीला १, पाचव्याला अर्धा. पण बेरीज केली तर तरीही दीड मार्क कमी पडत होता. तो सरांनी ‘नक्की’ धरलेल्या साडेबावीसमधून गेलाय. तीन उदाहरणं बरोबर आहेत, तिन्हींत सूत्र न लिहिता थेट किमती टाकल्या, म्हणून प्रत्येकी अर्धा कापला. संभाव्यतेच्या उदाहरणात P(A) = n(A)/n(S) ही ओळच नाही.

गुरुजी_महाल
ही माझी चूक. सूत्र नाही हे मला फोटोत दिसलं होतं. मी स्वतः त्यासाठी कापत नाही, म्हणून ते शंकेच्या यादीत घातलंच नाही. आणि जुन्या दोन पेपरांतही माझा अंदाज बहुधा याच जागी वर गेला असणार. तिथे अर्धे-अर्धे कुठे कापलेत ते आता बघा.

मानेवाडा_ताई
बघितलं. एकात दोन ठिकाणी, दुसऱ्यात चार ठिकाणी. सगळीकडे सूत्रच राहिलंय. म्हणजे १ आणि २ मार्क. सरांचा अंदाज चुकला होता १ नं आणि अडीचनं.

प्रतापनगर_शिकवणी
पण बोर्डात सूत्रासाठी एवढं कापत नाहीत. म्हणजे तिचे खरे ३२ धरायला हवेत.

गुरुजी_महाल
बोर्डात परीक्षकावर नियामक असतो, वाटपाची योजना ठरलेली असते, त्यामुळे हात एवढे वेगवेगळे पडत नाहीत, हे मान्य. पण त्या योजनेत सूत्राला अर्धा मार्क वेगळा ठेवला असेल तर तो जाणारच. त्या वर्षीच्या प्रश्नावर ते अवलंबून असतं. ३२ मी म्हणणार नाही.

प्रतापनगर_शिकवणी
मी तरी म्हणेन, सर.

मानेवाडा_ताई
विज्ञानाचे दिवस मी कमी केले. ती आता प्रत्येक उदाहरणाची पहिली ओळ सूत्राची लिहिते, आणि मध्यक काढला की उत्तर त्या वर्गात बसतंय का ते बघते. येत्या रविवारी भाग २ चा पेपर आहे. भूमितीच्या रचनांचा अंदाज फोटोवरून लावता येईल का, सर?

गुरुजी_महाल
अर्धाच. कंस आहेत का, नावं दिली का, एवढं दिसेल. फोटो जरा तिरका आला की ६० चा कोन ५७ दिसतो, मग रचना चुकली की फोटो, हे कळत नाही. फोन पानाच्या बरोबर वर धरायला सांगा, चारही कडा दिसू द्या. आणि रचनेच्या दोन बाजूंची लांबी तिनं पट्टीनं मोजून कच्च्या कागदावर लिहून आणली तर मला जास्त सांगता येईल.