अनुभव धागा: वर्षातले मोठे खर्च आणि न मोडलेली एसआयपी

धागा काढणारी, टिळकवाडी: विम्याचा हप्ता, शाळेची फी, गणपती-दिवाळी आली की आमच्याकडे फंडाची युनिटं विकली जातात. या खर्चांसाठी दरमहा वेगळे पैसे ठेवणाऱ्यांनी आकड्यांसकट लिहा.

शहापूरकर: आमचं वर्षाचं: फेब्रुवारीत आरोग्य विमा २४,०००, मेमध्ये फी ४८,०००, जुलैत गाडीचा विमा १२,०००, गणपती १२,०००, दिवाळी १८,०००. एकूण १,१४,०००, म्हणजे महिन्याला ९,५००. इथवर सगळेच येतात. पण दिवाळीनंतर, नोव्हेंबरात सुरुवात केली तर फेब्रुवारीचा हप्ता भरून १४,००० उरतात, मेपर्यंत ते ४२,५०० होतात, आणि फीला ५,५०० कमी पडतात. नेमकी तिथेच एसआयपी मोडते. म्हणून आम्ही बोनसमधले ५,५०० सुरुवातीलाच खात्यात टाकले. मेमध्ये खातं शून्यावर आलं, पण कुठे हात पसरावा लागला नाही, आणि पुढची दिवाळी झाल्यावर तेवढेच ५,५०० परत शिल्लक दिसले. तुमच्या तारखा घेऊन महिन्यागणिक शिल्लक मांडा. सगळ्यात खोल खड्डा जेवढा, तेवढी रक्कम आधी टाकायची.

निपाणीची सून: एवढा हिशेब कशाला? पोस्टात आरडी काढा, पैसे आपोआप साठतात.

शहापूरकर: ताई, साठतात खरे, पण पोस्टाची आरडी ५ वर्षांची. ३ वर्षांच्या आत बंद करता येत नाही, मग मेची फी कशी भरणार? बँकेची आरडी वर्षाची मिळते, ती एकाच मोठ्या खर्चाला ठीक. पाच तारखा असतील तर साधं बचत खातंच बरं, फक्त त्याला यूपीआय जोडू नका.

अनगोळचा मास्तर: मी विम्याचा हप्ताच मासिक करून घेतला. वर्षाला थोडा जास्त जातो, पण चालतंय की.

धागा काढणारी: सर, फी आणि दिवाळी मासिक कशी करायची तेवढं सांगा!

खडेबाजार: आमची भिशी आहे. पण नंबर कधी लागेल याचा भरवसा नाही, म्हणून विम्याचे पैसे मी त्यात घालत नाही. दिवाळीची खरेदी भिशीतून. सोसायटीत व्याज जास्त मिळतं म्हणून वर्षाचे पैसे तिथे ठेवायचा मोह होतो, पण पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं ५ लाखांचं विमा संरक्षण नसतं. आमच्या ओळखीतल्या एकाचे पैसे ऐन फीच्या वेळी तिथे अडकले होते.

चिकोडीकडचा: आमचं उलटं आहे बघा. ऊस तुटल्यावर बिल एकदम येतं, दर महिन्याला कुठनं ठेवणार?

शहापूरकर: मग तुम्ही उलटं तोडा. बिलातूनच तीन एफडी करा, एक फीच्या आधी, एक जुलैच्या आधी आणि एक गणपतीच्या आधी मोडेल अशी.

चिकोडीकडचा: हे जमंल. पण विम्याचा हप्ता फेब्रुवारीत, आणि यंदा बिलच मार्चला आलं तर? वार्षिक पॉलिसीला ३० दिवसांची सवलत असते म्हणतात, पण आरोग्य विम्यात त्या दिवसांत कोणी आजारी पडलं तर क्लेम मिळतो का?