'विना' आधी की नंतर?

कोरांटी: एसटीत पाटी होती, 'विना तिकीट प्रवास करणे गुन्हा आहे'. शाळेत शिकवलं होतं की शब्दयोगी अव्यय नामानंतर येतं: घरावर, झाडाखाली, तिकिटाविना. मग इथे 'विना' आधी कसं आलं? इंग्रजीतल्या 'विदाउट तिकीट'ची छाप आहे का ही?

जुनी_वही: इंग्रजीचा काही संबंध नाही. संस्कृतात 'विना' दोन्हीकडे चालतं. 'अनायासेन मरणं विना दैन्येन जीवनम्' आपल्याला पाठ आहे की. तिथूनच ते मराठीत आलं, म्हणून इथेही आधी लावा नाहीतर नंतर, फरक पडत नाही.

पाणंद: दाखला अगदी बरोबर आहे, पण फरक पडतो. 'विना'कडे नको, 'तिकीट'कडे बघा. 'तिकिटाविना' म्हणताना तिकीटचं सामान्यरूप झालं. 'विना तिकीट' म्हणताना शब्द जसाच्या तसा राहिला. संस्कृतात मात्र 'विना' आधी येऊनही 'दैन्येन'ची तृतीया कायम आहे. म्हणजे मराठीतलं आधीचं 'विना' हे बिनशर्त, बेकायदा, बिगरशेती यांच्या पंगतीतलं आहे, समासाचा पहिला तुकडा. खरं शब्दयोगी अव्यय आपल्याकडे नंतरच येतं, आणि त्याचा धागा क्रियापदाच्या जागेशी जुळतो. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ मध्ये ३० भाषा ताडून मांडलं की क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांत 'वर', 'खाली' असले शब्द बहुतेक वेळा नामानंतर येतात, आणि क्रियापद सुरुवातीला ठेवणाऱ्यांत ते नेहमी नामाआधी.

सायकलस्वार: पण मराठीत क्रियापद शेवटी असतंच असं कुठे आहे? 'आला बाई पाऊस', 'घेतलीस का गोळी?' हे रोज घरी ऐकतो.

पाणंद: ऐकता ते खरंच आहे. पण प्रश्न 'दुसरा क्रम चालतो का' हा नाही, कशावरही जोर न देता कोणता क्रम येतो हा आहे. 'काय झालं?' असं विचारल्यावर 'मांजरीनं दूध सांडलं' असंच उत्तर येतं. 'सांडलं मांजरीनं दूध' म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल, आधीपासून काहीतरी बोलणं चालू होतं.

कोरांटी: पण क्रियापद कुठे बसतं याचं 'वर-खाली'ला काय पडलंय?

पाणंद: हे मला सगळ्यात आवडतं. 'त्याला सोडून सगळे आले' यात 'सोडून' म्हणजे काय? कुणी कुणाला सोडलेलं नाही. ते 'शिवाय'चं काम करतंय. 'मला धरून पाच जण' यातही कुणी धरलेलं नाही. मराठीत कर्म आधी, क्रियापद नंतर. ते क्रियापद झिजून अव्यय झालं की असतं तिथेच राहतं, नामाच्या नंतर. इंग्रजीत कर्म क्रियापदानंतर येतं, म्हणून तिथलं 'रिगार्डिंग' झिजलं ते नामाच्या आधी. सगळीच अव्ययं क्रियापदांतून येतात असं नाही, 'पुढे', 'मागे' यांची वाट वेगळी. पण एवढ्यावरून जोडी का जमते ते दिसतं.

मेपल_आई: माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आम्ही टोरांटोत असतो. लेक म्हणते, 'पुस्तक जे मी वाचलं ते हरवलं'. मी 'मी वाचलेलं पुस्तक' असं सुधारते. सासूबाई म्हणतात, 'जे पुस्तक मी वाचलं ते' म्हण. नक्की बरोबर काय?

पाणंद: तुमचं आणि सासूबाईंचं, दोन्ही बरोबर. लेकीचं समजतं, पण क्रम इंग्रजीचा आहे. आणि प्रश्न वेगळा नाहीच. क्रियापद मधे ठेवणाऱ्या भाषा असं वर्णन जवळजवळ नेहमी नामानंतर ठेवतात. चिनी हा ठळक अपवाद: 'वो माय शू' म्हणजे मी पुस्तक विकत घेतो, पण 'वो माय द शू' म्हणजे मी घेतलेलं पुस्तक, अगदी आपल्यासारखं नामाआधी. उलट बाजूनं मात्र नियम इतका घट्ट नाही. फारसीत क्रियापद शेवटी असूनही वर्णन नामानंतर येतं, आणि 'तेहरानहून' म्हणायला 'अज़ तेहरान', म्हणजे 'हून' आधी. 'वाचलेलं'लाही मर्यादा आहे. 'ज्याच्यापेक्षा मी उंच आहे तो मुलगा' हे '-लेला', '-णारा' लावून सांगून बघा. जमत नाही, तिथे सासूबाईंचीच वाट धरावी लागते.

मेपल_आई: खरंच जमत नाही! आज फोनवर सांगते त्यांना.

जुनी_वही: सामान्यरूपाचं पटलं. पण 'विना वैध तिकीट' असंही लिहितात. समासाचा तुकडा असेल तर मधे 'वैध' कसं शिरलं? 'बिनकडकशर्त' कुणी म्हणत नाही.

पाणंद: हे माझ्या मांडणीत बसत नाही. 'बिन' नामाला चिकटून राहतं, 'विना' सुटं होतंय, आणि तरीही नामाचं सामान्यरूप होत नाही. 'विना'नंतर सामान्यरूप आलेलं कुणाला कुठे दिसलं का? 'विना तिकिटाचा' नको, तिथलं रूप 'चा'मुळे आहे.

सायकलस्वार: आमच्या सोसायटीच्या फाटकावर 'विना परवानगी आत येऊ नये' आहे. 'परवानगी'वरून तर काहीच कळत नाही. दुसऱ्या पाट्या बघून सांगतो.