एनपीएसमध्ये ६० लाख जमले, तर जुन्या पेन्शनसाठी एवढा हट्ट कशाला?

«मंत्रालयातल्या मित्राचे एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचे, खाते निवृत्तीपर्यंत ६० लाखांवर जाईल. मग जुनी पेन्शनच हवी असा हट्ट का?»

मित्राचे शेवटचे मूळ वेतन ८०,००० धरा. जुन्या योजनेत त्याला निम्मे, म्हणजे ४०,००० मिळाले असते. (हिशेब सोपा राहावा म्हणून सुरुवातीचा महागाई भत्ता सोडून देतो.)

आता ६० लाखांतले किमान ४० टक्के, म्हणजे २४ लाख, विमा कंपनीच्या वार्षिकीत, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन दरमहा पेन्शन देणाऱ्या योजनेत, घालावेच लागतात. ६ टक्के दर मिळाला तर महिना १२,०००. उरलेले ३६ लाख ७ टक्क्यांनी ठेवले तर २१,०००. एकूण ३३,०००, शिवाय मुद्दल शाबूत. पहिल्या दिवशी फरक फार नाही, आणि बहुतेकांची तुलना इथेच थांबते.

खरी गोम पुढे आहे. जुन्या पेन्शनवर वर्षातून दोनदा महागाई वाढ लागते. ती ५० टक्क्यांवर पोचली की ४०,००० चे ६०,००० होतात. नेहमीची वार्षिकी मात्र १२,००० वरच राहते. वाढ भरून काढायला मुद्दलाला हात लावावा लागतो, आणि बहुतेकांचे मुद्दल तोवर डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये नाहीतर मुलीच्या लग्नात गेलेले असते.

केंद्राने एप्रिल २०२५ पासून आणलेल्या यूपीएसमध्ये, म्हणजे एकीकृत पेन्शन योजनेत, महागाई वाढ परत आली. पण पूर्ण ५० टक्क्यांसाठी २५ वर्षे सेवा लागते, पगारातून १० टक्के कापले जातातच, आणि एनपीएससारखी ६० टक्के रक्कम काढली तर पेन्शन त्या प्रमाणात घटते. त्यामुळे मित्राला आधी सेवेची वर्षे मोजायला सांगा.