मदत हवी आहे: आठ महिन्यांच्या मुलीच्या डोळ्याच्या कोपऱ्यावर कातडीची घडी आहे, गावात नाही नाही ते बोलतात

इटियाडोह
नमस्कार. अर्जुनी मोरगाव तालुक्यात आशा म्हणून काम करते. माझ्याकडच्या एका घरात आठ महिन्यांची मुलगी आहे. वजन बरोबर वाढतंय, बसते, हाक मारली की वळून पाहते. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर वरच्या पापणीची कातडी खाली उतरून आली आहे. आपल्या डोळ्यात कोपऱ्याला जो गुलाबी मांसाचा ठिपका दिसतो, तो तिच्या डोळ्यात दिसतच नाही. बाजूला पाहताना एक डोळा तिरळा वाटतो.

आजी म्हणते तिरळी आहे. शेजारी कोणी म्हणालं, मंदबुद्धी लेकरांचे डोळे असेच असतात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, इकडे गोठणगाव-प्रतापगडकडे 1972 पासून तिबेटी वसाहत आहे, त्यावरून आईबद्दल कुजबुज सुरू झाली आहे. ती बिचारी चार दिवस झाले धड जेवत नाही. मला तीन गोष्टी नक्की सांगा. ही घडी म्हणजे काय? हा तिरळेपणा आहे का? आणि अशा घडीवरून लेकरू कोणाचं, कोणत्या जातीचं, हे सांगता येतं का?

विज्ञान_सर_साकोली
ताई, ही मंगोल वंशाची खूण आहे. चीन, जपान, तिबेट, ईशान्य भारत इथे सर्रास आढळते. बर्फाळ वारा आणि बर्फावरून परावर्तित होणारा प्रकाश यांपासून डोळ्याचं रक्षण व्हावं म्हणून निसर्गानं ती दिली. हे आनुवंशिक आहे, त्यामुळे मागच्या कुठल्या तरी पिढीत तसा संबंध असलाच पाहिजे. आईवर संशय घेणं मात्र चूक, पूर्वज दहा पिढ्यांमागचाही असू शकतो.

नेत्रतपासणी_भंडारा
सरांचं दोन गोष्टींत बरोबर आहे. घडी आनुवंशिक असू शकते आणि पूर्व आशियात ती जास्त आढळते. पण «संबंध असलाच पाहिजे» हे वाक्य टिकत नाही, आणि या घरात तेच वाक्य घात करील. म्हणून आधी घडी समजून घेऊ.

वरच्या पापणीची कातडी नाकाच्या बाजूनं खाली येते आणि आतल्या कोपऱ्याला पडद्यासारखी झाकते. एपिकॅन्थल फोल्ड म्हणतात ती हीच. ती फक्त कातडीची रचना आहे. बुबुळ, नजर, डोळा हलवणारे स्नायू यांच्याशी तिचा संबंध नाही. नाकाचा दांडा डोळ्यांच्या मध्ये जिथे सुरू होतो तिथे तो सपाट असेल, तर मधली कातडी ताणली जात नाही आणि जास्तीची कातडी कोपऱ्यावर घडी होऊन राहते. पोटातल्या गर्भाला तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांच्या सुमारास ही घडी असतेच, मग तो गर्भ गोंदियाचा असो की नॉर्वेचा. जन्मल्यावरही कुठल्याही समाजातल्या अनेक बाळांत ती दिसते, कारण बाळाचं नाक मुळात बसकं असतं. दांडा वर आला की कातडी ताणली जाते आणि बऱ्याच मुलांची घडी शाळेच्या वयापर्यंत पुसट होते.

आणखी एक. दुमड नसलेली सपाट वरची पापणी आणि बाहेरच्या बाजूला वर चढलेला डोळा, या दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. लोक तिन्ही एकत्र करून «चिनी डोळे» म्हणतात, पण एकाच माणसात तिन्ही असतीलच असं नाही.

तिरळेपणाचं असं करा. बाळाला आईच्या मांडीवर ताठ बसवा, खोलीत फार उजेड नको. साधारण एक फूट अंतरावर, बाळाच्या डोळ्यांच्या बरोबर समोर लहान टॉर्च धरा. टॉर्चजवळ खुळखुळा हलवा म्हणजे बाळ उजेडाकडेच पाहील. आता दोन्ही डोळ्यांच्या काळ्या बाहुलीवर उजेडाचा पांढरा ठिपका कुठे पडतो ते पाहा. दोन्हीकडे एकाच जागी, म्हणजे बाहुलीच्या मधोमध किंवा मधापासून नाकाकडे किंचित सरकलेला असेल, तर डोळे सरळ आहेत. एका डोळ्यात ठिपका बाहेरच्या, कानाकडच्या बाजूला सरकलेला असेल, तर तो डोळा खरंच आत वळला आहे. ठिपका एक मिलिमीटर सरकला तरी डोळा बऱ्यापैकी वळलेला असतो, त्यामुळे थोडा फरकही सोडू नका.

नंतर दोन बोटांनी नाकाच्या दांड्यावरची कातडी हलकेच चिमटीत धरा. घडी सरळ होईल, आतला गुलाबी ठिपका आणि नाकाकडचं पांढरं उघडं पडेल. तेवढ्यात तिरळेपणा दिसेनासा झाला, तर तो भास होता. तो होतो कशामुळे? डोळ्याच्या दोन्ही बाजूंचं पांढरं सारखं दिसलं की आपल्याला डोळा सरळ वाटतो. इथे नाकाकडचं पांढरं घडीखाली गेलेलं असतं. बाळानं उजवीकडे पाहिलं की डावा डोळा नाकाकडे येतो, उरलंसुरलं पांढरंही घडीत लपतं आणि तो डोळा आत गेल्यासारखा वाटतो. बाजूला पाहतानाच तिरळी वाटते, असं तुम्ही लिहिलंय, ते या भासाशी जुळतं.

तुमसरची_माय
माझ्या मुलालाबी असंच आहे जी. तीन वर्षांचा झाला. कोणी म्हणे मोठा झाला की आपोआप सरळ होते. नाकाची घडी नाही त्याची, पण दमला की डावा डोळा आत जाते, मोबाइलमधल्या फोटोतबी दिसते. मग वाट पाहू का?

नेत्रतपासणी_भंडारा
ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, म्हणून वेगळंच उत्तर. वाट पाहू नका. घडी नाही, वय तीन, दमल्यावर एकच डोळा आत जातो, हे खऱ्या तिरळेपणाचं लक्षण वाटतं. असं पुष्कळदा प्लस नंबरच्या चष्म्यानं आटोक्यात येतं. उशीर झाला तर मेंदू त्या डोळ्याचं चित्र वापरणं सोडतो आणि नजर मंद राहते. पहिले तीन-चार महिने बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे जाणं चालतं, त्यानंतर नाही. आणि फोटोत एका बाहुलीत लाल चमकेऐवजी पांढरी चमक दिसली, तर त्याच आठवड्यात डोळ्याच्या डॉक्टरकडे न्या.

विज्ञान_सर_साकोली
टॉर्चची रीत चांगली सांगितलीत. पण वंशाचा मुद्दा तुम्ही अर्धा सोडलात. पूर्व आशियात जास्त आढळते हे तुम्हीच मान्य केलंत ना? मग ती त्या वंशाची खूण का नाही?

मानववंश_नागपूर
यात मी लिहिते. एखाद्या गटात गोष्ट जास्त आढळते, यावरून ती गोष्ट दिसली की माणूस त्याच गटाचा, असं उलटं म्हणता येत नाही. खूण ठरायची तर दोन अटी हव्यात. गटातल्या सगळ्यांना ती असावी आणि गटाबाहेर कोणाला नसावी. इथे दोन्ही मोडतात. जपान, कोरिया, तिबेटमध्येही कित्येक प्रौढांना ही घडी नसते. आणि बाहेर? आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या सान लोकांत ती आढळते, फिनलंड-लॅपलंडमधल्या सामी लोकांत, पोलंड आणि आयर्लंडमधल्या काहींत आढळते, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांत आढळते.

सान लोकांचं उदाहरण नीट पाहा. जनुकांच्या हिशोबानं त्यांची शाखा बाकी मानवजातीपासून फार जुन्या काळी वेगळी झाली. म्हणजे जपानी माणूस सान माणसापेक्षा आयरिश माणसाच्या जास्त जवळचा आहे. तरी घडी जपानी आणि सान दोघांत सर्रास दिसते, आयरिशांत क्वचित. घडी पाहून नाती लावली तर नातंच उलटं लागतं.

हिचं कोणतं एक जनुक नाही. अनेक जनुकं मिळून नाकाचा दांडा, कातडीची जाडी, पापणीतली चरबी ठरवतात, आणि ती जनुकं कमी-जास्त प्रमाणात सगळ्याच समाजांत फिरतात. त्यामुळे आईवडील दोघांनाही घडी नसताना लेकराला ती येऊ शकते. दहा पिढ्यांमागचा तिबेटी पूर्वज शोधण्याची गरजच पडत नाही, सर.

बर्फ-वाऱ्याचं म्हणाल तर ती कल्पना जुनी आहे, सिद्ध झालेली नाही. कलहारी बर्फाळ नाही, आणि आग्नेय आशियातल्या दमट जंगलांतही घडी आहे.

विज्ञान_सर_साकोली
सानांचं उदाहरण पटलं. थंडीबद्दल मात्र अजून पूर्ण पटत नाही. कलहारीत बर्फ नसेल, पण उन्हाची तिरीप आणि धूळ आहेच. तिथे तिरिपीसाठी, इकडे थंडीसाठी, असं स्वतंत्रपणे होऊ शकतं.

मानववंश_नागपूर
होऊ शकतं. पण मग आग्नेय आशियातलं जंगल कशात बसवायचं? आणि नाकाच्या ठेवणीबरोबर ती नुसती ओघानं आली असेल, हेही तितकंच शक्य आहे. यावर एकमत नाही.

इटियाडोह
मंदबुद्धीच्या बोलण्याचं काय सांगू? त्या आजीला तेच जास्त खुपतं.

नेत्रतपासणी_भंडारा
त्या समजुतीचं मूळही याच घोळात आहे. 1866 मध्ये जॉन लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरनं आज ज्याला डाउन सिंड्रोम म्हणतात तो असलेल्या मुलांचे चेहरे पाहून त्यांना मंगोल लोकांशी जोडलं आणि «मंगोलिझम» हे नाव चिकटलं. 1959 मध्ये कळलं की कारण एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत आहे, वंश नाही. 1961 मध्ये शास्त्रज्ञांनी ते नाव सोडा असं लिहिलं, आणि मंगोलियाच्या मागणीनंतर 1965 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सोडलं.

डाउन सिंड्रोममध्ये घडी बऱ्याचदा असते, पण घडी असलेल्या बहुतेक बाळांना डाउन नसतो. त्यात घडी एकटी येत नाही. अंग सैल असतं, मान आणि बसणं उशिरा येतं, डोळे बाहेरून वर चढलेले असतात, पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात मोठी फट असते, काहींना तळहातावर एकच आडवी रेघ असते. तुमची मुलगी आठव्या महिन्यात बसते आणि हाकेला वळते, त्यामुळे चित्र तसं दिसत नाही. तरी नाही म्हणून मीच ठरवू नये, तुम्हीही नाही. शंका असेल तर रक्तातली गुणसूत्रं तपासतात.

एक प्रकार मात्र आवर्जून पाहा. घडी खालच्या पापणीतून वर चढत असेल, डोळ्याची फट जन्मापासून अरुंद असेल आणि पापण्या लोंबत असतील, तर ते वेगळं दुखणं आहे. ते आई किंवा वडिलांकडून येऊ शकतं आणि पापणी बाहुली झाकत असेल तर लवकर शस्त्रक्रिया लागते.

इटियाडोह
घडी वरूनच येते, खालून नाही. फट मोठी आहे. आजी रोज तेल लावून नाक दाबून वर ओढते, ते करू द्यावं का? आणि मोबाइलचा टॉर्च चालतो का?

नेत्रतपासणी_भंडारा
नाक ओढणं बंद करा. हाड त्यानं वाढत नाही, उलट तेल डोळ्यात जातं आणि कोवळी कातडी सोलवटते. मोबाइलचा टॉर्च चालेल, पण तो झगझगीत असतो, वर पातळ पांढरा कागद धरा आणि बाळ डोळे मिटायला लागलं की थांबा. ठिपके सारखे दिसले तरी अंगणवाडीत आरबीएसकेचं पथक येईल तेव्हा दाखवा, कारण बारीक तिरळेपणा टॉर्चनं सुटू शकतो, तो एक-एक डोळा झाकून पाहावा लागतो. ठिपके वेगळे दिसले तर पथकाची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयात न्या.

मानववंश_नागपूर
आणि त्या घरात बोलताना सासू आणि नवरा दोघांना समोर बसवूनच सांगा. नवऱ्याचे आणि आईचे लहानपणीचे फोटो असतील तर सोबत ठेवा, तान्हेपणी दोघांपैकी कोणाला घडी असण्याची शक्यता चांगली आहे. फोटोत नाही दिसली तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही, हे आधीच सांगून ठेवा. बाप कोण हे फक्त डीएनए तपासणी सांगते, पापणी नाही. आणि डोळ्याच्या घडीसाठी ती तपासणी मागण्याचं काही कारणच नाही.

इटियाडोह
उद्या सकाळी जाते. नवरा धान्याच्या गाडीवर जातो, त्याच्या आधी गाठते.