शब्दचर्चा: 'दारिद्र्याचं दुष्टचक्र' की 'गरिबीचा सापळा'?

मृणाल, राजारामपुरी
करवीर तालुक्यातल्या बचत गटांसाठी एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. त्यात 'पॉव्हर्टी ट्रॅप' पानोपानी येतं. मिळकत कमी म्हणून शिल्लक पडत नाही, शिल्लक नाही म्हणून धंद्यात घालायला पैसा नाही, आणि म्हणून मिळकत कमीच राहते, या अर्थानं. मी सगळीकडे 'दारिद्र्याचं दुष्टचक्र' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'गरिबीचा सापळा' केलं. गटात वाचून दाखवलं तर एक मावशी विचारतात, "सापळा म्हंजे उंदराचा का हाडांचा?" काय ठेवू?

देशमाने सर
दुष्टचक्रच ठेवा. रॅग्नर नर्क्स यांनी 1953 मध्ये हा विचार मांडला तो चक्र म्हणूनच. देश गरीब का, तर तो गरीब आहे म्हणून, हे त्यांचं वाक्य आम्ही वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलो. चक्र आणि सापळा यांत अर्थाचा काही फरक नाही. सापळा ही वर्तमानपत्री भाषा आहे.

वसुधा
'दुष्ट' शब्दावर उगाच राग धरला जातो, म्हणून लिहिते. इथे दुष्ट म्हणजे खलनायक नव्हे. न्यायशास्त्रात सदोष हेतूला 'दुष्ट हेतू' म्हणतात, आणि फिरून फिरून मूळ जागी येणाऱ्या युक्तिवादाला 'चक्रक' हा दोष लावतात. म्हणजे हा शब्द इंग्रजीवरून घडवला असला तरी त्याचे दोन्ही तुकडे आपल्याकडे आधीपासून नांदत होते. त्याला घराबाहेर काढू नका.

संजय, गडहिंग्लज
सर, फरक आहे, आणि तो पुस्तिकेत आलाच पाहिजे. मी बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, म्हणून म्हशीचंच उदाहरण घेतो. आकडे मोघम आहेत, हिशेब बघा.

म्हैस 90 हजारांची. दिवसाला आठ लिटर, लिटरला 50 रुपये, म्हणजे 400 रुपये. वैरण, पेंड, औषधपाणी 250. हातात 150. दूध 300 दिवस धरलं तर 45 हजार. मग 100 दिवस ती भाकड. दूध शून्य, खाणं मात्र चालूच. भाकड काळात वैरण आखडती घेतली तरी दिवसाला 150 जातात, म्हणजे 15 हजार. पुढच्या वेतापर्यंत उरले 30 हजार.

आता एका मजूर बाईकडे महिन्याला 500 रुपये शिल्लक पडतात. त्यातून म्हैस घ्यायला तिला 15 वर्षं लागतील, आणि तेवढ्यात घरात एकही आजारपण येता कामा नये. तिच्याकडे तारण नाही, म्हणून ती सावकाराकडून शेकड्याला तीननं पूर्ण 90 हजार उचलते. महिन्याचं व्याज 2,700. तेरा महिन्यांचं 35,100. म्हशीनं दिले 30 हजार. मुद्दल तसंच, वर पाच हजारांची खोट. शेवटी ती म्हैस विकते आणि परत मजुरीला जाते.

शेजारणीकडे 40 हजार साठलेले आहेत. उरलेले 50 हजार तिला बँक वर्षाला 12 टक्क्यांनी देते. तेरा महिन्यांचं व्याज 6,500. हातात साडेतेवीस हजार राहतात, त्यातून ती मुद्दल फेडते आणि पुढं दुसरी म्हैस घेते. दोन म्हशींची वेतं मागंपुढं ठेवली की एक आटली तरी दुसरी दुधात असते, घरात पैसा येणं थांबत नाही.

म्हैस तीच, गोठा तसाच, कष्ट तेवढेच. फरक एका रकमेचा आहे. त्या रकमेच्या खाली असलेला परत खाली येतो, वर असलेला वर जात राहतो. नुसती शिल्लक कमी आहे म्हणून कुणी सापळ्यात अडकत नाही. पाचशे रुपयांना पाचशेपुरतं काही मिळत असतं तर माणूस सावकाश का होईना वर चढला असता. पण अर्धी म्हैस विकत मिळत नाही. म्हणून चक्र हा शब्द अपुरा पडतो. त्यात पायरी दिसत नाही.

देशमाने सर
उदाहरण चांगलं आहे. पण नर्क्स यांच्या मांडणीत मागणीची बाजूही आहे. गिऱ्हाईकच गरीब असेल तर कारखाना कोण काढील? तुमच्या म्हशीत ती येत नाही. दूध विकलं जाणारच, असं तुम्ही गृहीत धरलंय.

संजय, गडहिंग्लज
बरोबर, सर. आपल्याकडे गावोगाव दूध संस्था आहे, म्हणून ती बाजू झाकली जाते. जिथं संकलन नाही तिथं आठ लिटरचं करायचं काय, हा प्रश्न आधी येतो. पण म्हणूनच देशाचं चक्र आणि घराचा सापळा वेगवेगळे लिहावेत असं मला वाटतं. रिचर्ड नेल्सन यांनी 1956 मध्ये 'ट्रॅप' शब्द वापरला तो देशाबद्दलच, पण त्यांचा मुद्दा अडकून राहण्याचा होता. उत्पन्न थोडं वाढलं की लोकसंख्या वाढते आणि दरडोई मिळकत परत जुन्या जागी येते.

बाळासाहेब, कागल
आमच्याकडं खरा सापळा रेशनकार्डाचा आहे ओ. पोरगा कामाला लागला, चार पैसे वाढले, की उत्पन्नाचा दाखला वाढतो, सवलत जाते. माझ्या पुतण्यानं त्यापायी ओव्हरटाईम घ्यायचा सोडला. याला शब्द काय?

मृणाल, राजारामपुरी
काका, माझ्या पुस्तिकेत तो अर्थ नाही. तिथे फक्त बचत आणि भांडवल आहे.

संजय, गडहिंग्लज
पण बाळासाहेब चुकीचं बोलत नाहीत. ब्रिटनमध्ये 'पॉव्हर्टी ट्रॅप' याच अर्थानं रूढ आहे. पगार वाढला की भत्ता कापला जातो आणि हातात काहीच वाढत नाही. एकच शब्द, दोन वेगळे अडथळे.

वसुधा
मग 'दैन्यपाश' घ्या. पाश दोन्हींना लागू पडतो, उंदीर नको, हाडं नकोत. सापळा हा 'सापडणे'पासून आला असावा, त्यात सावज दिसतं. गरीब माणसाला कुणी मुद्दाम धरलंय असा भास होतो.

रेश्मा, हुपरी
दैन्यपाश आमच्या गटात कुणाला कळणार? मी स्वतः गटातून कर्ज काढून शिलाई मशीन घेतलं. आमच्यात म्हणतात, "डोकं वर निघंना झालंय." नाहीतर "गाळात रुतलोय." चिखलात गाडी रुतली की चौघांनी एकदम जोर लावावा लागतो, थोडं थोडं ढकलून चाक जास्तच खोल जातं. संजयभाऊंची ती रक्कम म्हणजे हेच. 'गरिबीचा गाळ' लिहा की.

देशमाने सर
बोलायला ठीक. परीक्षेत कुणी 'गाळ' लिहिलं तर गुण कसे देणार?

रेश्मा, हुपरी
पुस्तिका बायकांसाठी आहे, सर. परीक्षेला कोण बसतंय?

मृणाल, राजारामपुरी
'रुतणे' क्रियापद म्हणून मजकुरात घेतेच. पण मथळ्याला नाम हवं, आणि तपासणाऱ्या बाई 'गाळ' मान्य करतील असं वाटत नाही. संजयभाऊ, म्हशीचा हिशेब पुस्तिकेत घेतला तर चालेल ना?

संजय, गडहिंग्लज
खुशाल घ्या. फक्त दुधाचा दर आणि म्हशीची किंमत छापायच्या वेळची टाका. एक सावधगिरी: सगळीच गरिबी अशी पायरीची नसते. मेथी-कोथिंबिरीची पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला हजार रुपयांतही धंदा वाढवता येतो, तिच्यावर हा शब्द चिकटवू नये.

बाळासाहेब, कागल
हजारानं काय होतंय? मंडईत बसायला जागा मिळते का आधी, ते बघा.

वसुधा
संजय, तुम्ही एकदा 'भाकड' लिहिलंत आणि एकदा 'आटली'. माझ्या माहेरी, सांगलीकडे, भाकड म्हणजे गाभणच न राहणारी. विण्याआधी दूध बंद झालेली ती आटलेली. गडहिंग्लजला दोन्ही एकच का?

रेश्मा, हुपरी
आमच्यात दोन्हीला भाकडच.

बाळासाहेब, कागल
न्हाई ओ ताई. कागलात भाकड म्हणलं की बाजार दाखवायची म्हैस. आटलेलीला कोण विकतंय?