मदत हवी आहे: वेगवान इंग्रजीतला गळणारा ‘ट’ कसा शिकवावा?

नमस्कार मंडळी. मी प्रौढांना इंग्रजी ऐकण्याचा सराव देते. ब्रिटिश लोकांच्या सहज गप्पा लावल्या की एका ठिकाणी सगळे हमखास अडतात.

‘दे वॉच्ट द मॅच’ मधला भूतकाळाचा ‘ट’ दोन व्यंजनांच्या मधे सापडतो आणि भरभर बोलताना बहुतेकदा गळतो. ऐकू येतं ‘दे वॉच द मॅच’. काळ मग ‘येस्टर्डे’सारख्या आजूबाजूच्या शब्दांवरूनच ओळखावा लागतो. उलट ‘वॉच्ट ऑल ऑफ इट’ मध्ये पुढे स्वर असल्यामुळे तोच ‘ट’ टिकतो, पण पुढच्या शब्दाला चिकटतो. ऐकू येतं ‘वॉच टॉलव्हिट’, आणि विद्यार्थी ‘टॉल’ म्हणजे उंच असं धरून अर्थ लावत बसतात. हीच वाक्यं छापील दिली तर त्यांना लगेच कळतात, त्यामुळे शब्दसंग्रहाचा प्रश्न नाही.

रेकॉर्डिंगचा वेग कमी करून पाहिला. त्याने जोड थोडे उलगडतात, पण जो ‘ट’ उच्चारलाच नाही तो हळू लावून कुठून येणार?

तुम्ही आधी नियम सांगता, की आधी जसं ऐकू येईल तसं देवनागरीत लिहून घेता? आणि आधी लिहून न ठेवलेल्या, उत्स्फूर्त संभाषणांचे लिखित मजकुरासह छोटे तुकडे कुठे मिळतील? कृपया अनुभव सांगा.