मदत हवी आहे: सारांश शब्दमर्यादेत बसवला तरी मार्क का कापले?

निपाणीकर: युपीएससीच्या अनिवार्य मराठी पेपरची तयारी करतोय, बेळगावात क्लास लावलाय. टेस्टमध्ये सारांशाला ६० पैकी २१ दिले आणि शेरा काय, तर 'वाक्यं उचलली आहेत'. एक तृतीयांशात बसवलं, माहिती कुठं चुकली नाही, मग मुद्दा उताऱ्यातलाच असताना शब्द तेच येणार की वो? एक तुकडा देतो, बघा.

उतारा: 'पूर्वी गावची विहीर सगळ्यांची असायची. गाळ काढायला घरटी एक माणूस यायचा आणि उन्हाळ्यात कोणी किती घागरी न्यायच्या ते पंच ठरवायचे. पुढे ज्याच्याकडे पैसा होता त्याने आपल्या शेतात बोअर मारली, पाणी त्याचे एकट्याचे झाले, आणि मग विहिरीचा गाळ काढायला कोणी येईना.'

माझं: 'पूर्वी गावची विहीर सगळ्यांची असायची. पुढे ज्याच्याकडे पैसा होता त्याने आपल्या शेतात बोअर मारली.'

अभि_चिकोडी: सोप्पंय, शब्द बदलायचे. विहिरीला कूप, पैशाला धन. सरांना कळत पण नाही.

सीमाभागी: केपीएससीला आपल्याला कन्नड पेपर पास व्हावाच लागतो, तिथं माझी खरी बोंब आहे, त्यासाठी कुठला क्लास बरा?

खानापूरच्या बाई: कन्नडचा वेगळा धागा काढा हो. अभि, अर्धंच बरोबर. स्वतःचे शब्द हवेतच, पण कूप नि धन घालून वाक्य तेवढंच राहिलं, आटलं कुठं?

निपाणीकर, तुमचे १४ शब्द म्हणजे ४० शब्दांच्या उताऱ्यातून दोन वाक्यं उचलली, बाकीचं सोडलं. सुटलं काय तर विहीर कोण सांभाळायचं आणि बोअरनंतर ती का पडून राहिली, म्हणजे लेखकाला जे म्हणायचं होतं तेच. गाळ, घागरी, पंच ही उदाहरणं. ती मिळून एकच गोष्ट सांगतात, तिला एक नाव द्यायचं. मी असं लिहीन: 'सामाईक विहिरीची देखभाल व पाणीवाटप गाव करी, खाजगी बोअर आल्यावर ती व्यवस्था मोडली.' १३ शब्द झाले. 'विहीर', 'बोअर' तसेच ठेवलेत, विषयाच्या शब्दाला मार्क कापत नाहीत. उतारा दोनदा वाचून झाकून ठेवा, मुद्दे आठवून लिहा, मग ताडून बघा. सलग चार-पाच शब्द जसेच्या तसे दिसले तर तिथं परत लिहा.

अभि_चिकोडी: पण बाई, झाकून लिहिलं तर मुद्दा सुटतो त्याचं काय? आणि शीर्षक?

खानापूरच्या बाई: सुटलेला मुद्दा ताडताना सापडतो, तेवढा घालायचा. शीर्षकाचं प्रश्नातच लिहिलेलं असतं, देऊ नका म्हटलं असेल तर देऊ नका.

निपाणीकर: पटलं, पण बाई 'पैसा' गेला की तुमच्या वाक्यातून. ज्याच्याकडे पैसा त्याचं पाणी, हा मुद्दा नव्हे काय?

खानापूरच्या बाई: पुढच्या परिच्छेदात श्रीमंत-गरीब येत असेल तर हवाच, तिथं मी चुकले म्हणा. पूर्ण उतारा टाका बघू.

अभि_चिकोडी: तरी २१ कमीच दिले. आमचे सर ३० देतात असल्याला.